पंच क्रमांक दोन

दिव्यानी : असं नाही, बाबा. परीक्षक "बस वं बाई, जेवली काय" असं विचारत नसतात.

मनसाराम : मंग का विचारते? दारात मानूस आला तं पह्यले जेवनच विचारा लागते.

दिव्यानी : मी तुमच्या दारात नाही आली. मी परीक्षेच्या खोलीत आली. "येऊ का सर" म्हटलं. तुमी मान हालवायची, माझी डायरी उघडायची अन् कागदावरचा प्रश्न विचारायचा. बस, एवढंच.

गोकुळा : पह्यले त्याहीले जाळं बाजूले ठेवाले सांग. जाळं शिवत शिवत कोनता साहेब परीक्षा घेते?

(दिव्यानीची पहिली तोंडी परीक्षा उद्या सकाळी अकराला, चंद्रपूरच्या लॉ कॉलेजात. या घरात आजवर जी काही तोंडातोंडी झाली ती भांडणातच. तेव्हा सावली तालुक्यातल्या या गावात, भर दुपारी ओसरीवर, तिच्या वाट्याला आलेले परीक्षक हे असे आहेत : तलावात मासे धरणारा बाप आणि सुपात तांदूळ पाखडणारी आई.)

मनसाराम : ठेवलं जाळं. हं. पन दहा मार्कासाठी एवढा तमाशा काऊन?

दिव्यानी : तिसऱ्यांदा सांगते. मूट कोर्टाचे, म्हणजे कॉलेजातल्या नकली खटल्याचे, तीस. दोन खटले कोर्टात बसून पाहायचे, त्याचे तीस. वकिलाच्या ऑफिसातल्या कामाचे तीस. तोंडीचे दहा. पण हे सगळं ज्या डायरीत लिहायचं, तिच्यावरूनच तोंडीत विचारतात. नागपूरचे सर येत आहेत. मागच्या साली एका पोरीची डायरी खोटी निघाली, तर तिचा पेपरच गेला. वर्ष गेलं तिचं.

गोकुळा : तुही तं खरी हाये न?

दिव्यानी : आई, तू मधात बोलू नको. बाबा, विचारा.

मनसाराम : फौज... दारी... खटल्याच्या पायऱ्या सांगा.

दिव्यानी : सर, दोषारोप ठेवतात. आरोपी गुन्हा नाकबूल करतो. मग सरकारी पक्षाचे साक्षीदार. आधी सरतपासणी, मग उलटतपासणी, गरज पडली तर फेरतपासणी. नंतर आरोपीचा जबाब, दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आणि निकाल.

गोकुळा : सरतपासनी म्हंजे का वं?

दिव्यानी : ज्यानं साक्षीदार आणला, त्यानंच विचारायचं. पण उत्तर त्याच्या तोंडात घालून विचारता येत नाही. "तू मोटार पाहिली न?" असं नाही. "तू काय पाहिलं?" असं.

गोकुळा : आन् उलटी?

दिव्यानी : उलटतपासणी. समोरच्या वकिलानं. त्यात "पाहिली न?" चालते. झालं समाधान? बाबा, आता डायरीतला फौजदारी खटला काढा. वाचा अन् त्यावर विचारा.

मनसाराम : सोळा जुलै. सकाळी... अकरा वाजता... कोर्टात हजर होते. मोटारपंप चोरीचा... खटला. पंच क्रमांक दोन... यास तपासले.

दिव्यानी : थांबले काऊन? पुढं वाचा.

मनसाराम : पंच फितूर झाला. त्याने... आरोपीकडून पैसे घेऊन... साक्ष फिरवली असावी, असे माझे निरीक्षण.

दिव्यानी : आता विचारा, साक्षीदार फितूर झाला म्हणजे काय.

मनसाराम : हे तू लिवलं?

दिव्यानी : कागदावरचा प्रश्न विचारा न, बाबा. मीच सांगते. साक्षीदार आपल्याच पक्षाच्या उलट बोलला, तर सरकारी वकील कोर्टाची परवानगी घेऊन त्यालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारू शकतो. जुनं कलम एकशे चोपन्न, नवीन एकशे सत्तावन्न. पण म्हणून त्याची सगळी साक्ष फेकून देत नाहीत. पटेल तेवढा भाग कोर्ट घेऊ शकते. बरोबर?

मनसाराम : साक्ष किती वाजता झाली?

दिव्यानी : हा प्रश्न कागदावर नाही.

मनसाराम : म्या विचारून राह्यलो. किती वाजता?

दिव्यानी : लिहिलं आहे न. सकाळी अकरा.

मनसाराम : जेवनाच्या सुट्टीनंतर झाली. चार वाजत आले होते. सकाळपासून बाकावर बसून बसून पाय अकडले होते त्याचे.

दिव्यानी : तुमाले काय माहीत?

मनसाराम : तू नव्हती तिथी. म्या एकेक खुर्ची पाह्यली. भेव होतं मले, का तू कुठी तरी वही घेऊन बसली असन.

गोकुळा : थांबा. सोळा जुलैले आपलं धानाचं रोवनं होतं. पोरीले म्याच बलावलं होतं चंद्रपूरहून, मजूर भेटले नाई म्हनून. आन् तुमी म्हने सोसायटीच्या मीटिंगले जातो. ऐन रोवन्याच्या दिवशी मीटिंग! आठ दिवस बोलली नाई मी तुमच्यासंगं.

मनसाराम : मीटिंग नव्हती. समन्स होता.

दिव्यानी : पंच क्रमांक दोन तुमी?

मनसाराम : चार सालं झाले. ठान्यासमोर मासे विकून राह्यलो होतो. शिपायानं बलावलं. मोटार ठान्याच्या अंगनातच पडली होती. पंचनाम्याच्या कागदावर बोट ठेवलं, म्हने पंच म्हनून इथी सही कर. केली. आत लिवलं होतं, धानाच्या तनसीच्या ढिगाखालून काढली, पंचाच्या डोळ्यासमोर. कोनता ढीग, कोनाची तनीस, म्या कायी पाह्यलं नाई.

दिव्यानी : आणि कोर्टात?

मनसाराम : शपथ देली. म्या म्हनलं, सही माही हाये, ढीग म्या पाह्यला नाई. तं सरकारी वकील उभे झाले, जज साहेबाले कायी तरी म्हनलं आन् मलेच विचारू लागले. आरोपीकडून पैसे घेतले, म्हनून खोटं बोलून राह्यले न? म्या म्हनलं, नाई. पन त्याहीनं विचारलं तं सगळ्याहीनं आयकलं.

गोकुळा : मले काऊन नाई सांगतलं?

मनसाराम : पोरगी वकीन होऊन राह्यली, आन् बाप कोर्टात फितूर. कोन्या तोंडानं सांगू? लाज वाटली मले.

दिव्यानी : पण बाबा, न वाचता सही कशी केली तुमी? एक ओळ तरी वाचायची. इतका कसा माणूस...

मनसाराम : तू नाई न पाहता लिवलं?

गोकुळा : आता दोघंही चूप बसा थोडं.

दिव्यानी : माझ्या वर्गातल्या निकेशच्या डायरीतून उतरवलं मी. तो होता त्या दिवशी. पैशाचं त्यानंही नव्हतं लिहिलं. ते माझं. "निरीक्षण" पाहिजे असते म्हणून टाकलं. फितूर म्हटल्यावर पैसेच घेतले असतील, असं वाटलं मले.

मनसाराम : खाली कोनाची सही हाये?

दिव्यानी : ज्यांच्या ऑफिसात मी काम केलं, त्या वकील साहेबांची.

मनसाराम : त्याहीनं वाचलं?

दिव्यानी : तीस पानं होती. एका दमात सह्या केल्या.

गोकुळा : मंग राहू दे तसंच. नागपूरच्या साहेबाले कोन सांगाले जाते, रोवनं कधी होतं ते? एक वर्ष म्हंजे कायी गंमत हाये?

दिव्यानी : आई, पेन दे तो.

गोकुळा : पान फाडू नको, वं. सगळी वही बिघडते.

दिव्यानी : फाडत नाही. आडवी रेघ मारते. वाचता आलं पाहिजे की काय खोडलं. वर लिहिते, या दिवशी गैरहजर, मजकूर दुसऱ्याच्या डायरीतून घेतलेला, निरीक्षण निराधार. खाली माझी सही, आजची तारीख.

गोकुळा : आन् पेपर गेला तं?

दिव्यानी : तर पुढच्या साली दुसरा खटला पाहीन. पूर्ण. आता रडू येऊन राह्यलं, मले बोलायला नको लावू.

मनसाराम : बाहीरून ये परत.

दिव्यानी : काऊन?

मनसाराम : ये म्हनलं न. नीट विचारतो आता.

दिव्यानी : येऊ का सर?

मनसाराम : या. बसा. सोळा जुलैले तुमी कोर्टात हजर होत्या काय?

दिव्यानी : नाही, सर. नव्हते.