फक्त नावांचा रकाना

पेणच्या स्टँडवर रोह्याच्या गाडीच्या रांगेत तनयाच्या पुढे दोघे उभे होते. एक सोसायटीचा खजिनदार श्रेयस, दुसरे त्याच्याच मजल्यावरचे माधवराव.

"काका, मेंटेनन्सच्या ऑनलाइन शीटच्या हिस्टरीत पहिला बदल तुमच्या नावावर दिसतोय."

"माझं नाव सापडत नव्हतं रे. म्हणून नावांचा रकाना निवडला नि अआइईप्रमाणे लावला."

"फक्त नावांचा?"

"व्हय. बाकीच्याला हात नाय लावला."

"तिथंच घोळ झाला. नावं खालीवर झाली, रकमा जागच्या जागी राहिल्या. मग आपल्यापुढचा आकडा चुकलाय म्हणून तीस जण एकाच वेळी दुरुस्त करत बसले."

"तूच सगळ्यांना एडिट दिलंस. लपवाछपवी नको म्हणालास."

"म्हणालो खरा."

"जुनं परत आणता येत नाय?"

"आणलं, तुमच्या बदलाआधीचं, रविवार सकाळचं. पण त्यानंतर ज्यांनी बरोबर भरलेलं, तेही गेलं. चार दिवस पावत्या बघून एकेक ओळ परत भरतोय."

"म्हणजे मिटलं."

"कुठलं मिटलं? त्या घोळात रेचलबाईंच्या नावापुढे आठ महिन्यांची थकबाकी दिसत होती. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. बाईंनी वाद नको म्हणून त्याच संध्याकाळी सगळे पैसे भरले."

"त्यांची नव्हती?"

"त्या दर एक तारखेला भरतात. आता बहिणीकडे रोह्याला गेल्यात. तेच पैसे परत द्यायला चाललोय."

"अरेरे. मग ती थकबाकी कुणाची?"

"तुमची, काका."