श्रीखंडाचे डबे आणि शुभेच्छा

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बायकोशी भांडू नये, हे मला कळतं. पण कोथरूडच्या आमच्या स्वयंपाकघरात श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांनी ओटा गिळला होता, म्हणून मी ते सोसायटीच्या कचऱ्यात टाकले. अबोला सुरू झाला.

सकाळी हिला व्हॉट्सॲपवर शुभेच्छा लिहायला बसलो. 'झालं गेलं विसरून' लिहिलं, खोडलं. तहाचा मसुदा वाटत होता. 'तरीही तू मला आवडतेस' पाठवलं आणि लगेच डिलीट केलं. त्या 'तरीही'वर नवं भांडण झालं असतं.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, अर्धा तास 'टायपिंग' दिसतंय. शुभेच्छा आहेत की प्रबंध? आणि डिलीट केलेलंही मी वाचलंय."

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. जे खरं होतं तेच लिहिलं : 'वाढदिवसाच्या शुभेच्छा. काल एवढी चिडलेली असूनही माझी बीपीची गोळी तू उशाशी ठेवलीस. ते मी पाहिलं. तुझ्याशिवाय मला जमत नाही. डब्यांबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.'

स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला.

"शेवटचं वाक्य होतं म्हणून आधीची खरी वाटली," ही म्हणाली. "या, शिरा केलाय."

गेलो. शिरा श्रीखंडाच्या डब्यात होता. मी टाकलेले सगळे डबे धुऊन ओट्यावर पालथे घातले होते, आणि त्यांत शेजारच्या काकूंनी टाकलेले दोन जादा होते.